रिड्यूस्ड एशेलॉन फॉर्म एकच का येतो, साधा मात्र प्रत्येकाचा वेगळा का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आणि माझ्या मैत्रिणीने एकच मॅट्रिक्स सोडवलं, दोघींचा एशेलॉन फॉर्म वेगळा आला. चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकच मॅट्रिक्स घेऊन शेवटपर्यंत बघू, पुढचे सगळे प्रश्न याच मॅट्रिक्सवर आहेत, त्यामुळे हे एकदा वहीत उतरवून घ्या.

```
      1  2  1   3
A =   2  4  3   8
      3  6  4  11
```

पहिली मुलगी सरळ वरून सुरू करते. R2 मधून 2R1 वजा, R3 मधून 3R1 वजा. दोन्ही रो 0 0 1 2 होतात, मग R3 मधून R2 वजा केला की शेवटची रो शून्य. तिचा एशेलॉन फॉर्म हा:

```
1  2  1  3
0  0  1  2
0  0  0  0
```

दुसरीने आधी R1 आणि R2 ची अदलाबदल केली. आता वर 2 4 3 8 आहे. अपूर्णांक नकोत म्हणून तिने R2 च्या जागी 2R2 − R1 घेतलं आणि R3 च्या जागी 2R3 − 3R1. दोन्हीकडे 0 0 −1 −2 आलं, एक उडवलं. तिचा फॉर्म:

```
2  4   3   8
0  0  −1  −2
0  0   0   0
```

दोन्ही शंभर टक्के बरोबर. शून्य रो तळाला, आणि प्रत्येक रोचा पहिला बिनशून्य आकडा वरच्या रोच्या पहिल्या आकड्याच्या उजवीकडे, साधा एशेलॉन फॉर्म एवढंच मागतो. दोघींनी ते दिलंय.

आता दोघींना पुढे जायला सांगा. पहिली R1 मधून R2 वजा करते, झालं. दुसरी R2 ला −1 ने गुणते, मग R1 मधून 3R2 वजा करते, तिथे 2 4 0 2 येतं, मग R1 ला 2 ने भागते. दोघी इथेच पोचतात:

```
      1  2  0  1
R =   0  0  1  2
      0  0  0  0
```

हा रिड्यूस्ड फॉर्म. यात दोन अटी जास्त आहेत, प्रत्येक पिव्हॉट, म्हणजे रोचा पहिला बिनशून्य आकडा, 1 हवा आणि पिव्हॉटच्या कॉलममधे बाकी सगळे शून्य हवेत, फक्त खालीच नाही तर वरही. तुम्ही कुठल्याही वाटेने गेलात, रो उलटसुलट केल्या, अपूर्णांक घेतले की टाळले, तरी शेवटी हेच येणार.

पण वाटा वेगळ्या असताना शेवट एकच येतो याची खात्री कशी? योगायोग कशावरून नाही?

हाच खरा प्रश्न आहे आणि बऱ्याच वर्गात याला "येतो, लक्षात ठेवा" म्हणून पुढे जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण उत्तर अवघड नाहीये, फक्त नजर रो वरून कॉलमवर न्यावी लागते.

आपण ऑपरेशन रो वर करतो म्हणून डोळे रो कडेच असतात. रो तर प्रत्येक पायरीला बदलतात, त्यात पकडून ठेवण्यासारखं काही दिसत नाही. पण कॉलमकडे बघा. A चा दुसरा कॉलम पहिल्याच्या दुप्पट आहे, 1, 2, 3 चे 2, 4, 6. आता पहिल्या मुलीचा फॉर्म बघा, पहिला कॉलम 1, 0, 0 आणि दुसरा 2, 0, 0. दुप्पट. दुसरीचा बघा, 2, 0, 0 आणि 4, 0, 0. दुप्पटच. कॉलममधले आकडे पूर्ण बदलले पण त्यांचं आपापसातलं नातं तसंच राहिलं.

आता जरा लपलेलं नातं घेऊ. A मधे चौथा कॉलम म्हणजे पहिला एकदा अधिक तिसरा दोनदा. करून बघा: 1 + 2·1 = 3, 2 + 2·3 = 8, 3 + 2·4 = 11. जमलं. पहिल्या मुलीच्या फॉर्ममधे वरच्या दोन रो बघा: पहिला कॉलम (1, 0), तिसरा (1, 1), चौथा (3, 2). (1, 0) एकदा आणि (1, 1) दोनदा घेतला की (3, 2). दुसरीच्या फॉर्ममधे (2, 0) एकदा आणि (3, −1) दोनदा घेतला की (8, −2). म्हणजे 1 आणि 2 हे दोन गुणक तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे.

असं का होतं? कारण कॉलममधलं नातं म्हणजे दुसरं काही नाही, Ax = 0 चं एक उत्तर आहे. "चौथा = पहिला + दोनदा तिसरा" हे x = (1, 0, 2, −1) या उत्तराच्या रूपात लिहिता येतं. आणि रो ऑपरेशनने समीकरणांची उत्तरं बदलत नाहीत, हे तर आपण शाळेत दोन समीकरणं सोडवताना पण वापरायचो. प्रत्येक रो ऑपरेशन उलटं फिरवता येतं, त्यामुळे जुनं उत्तर हरवत नाही आणि नवीन खोटं उत्तर आत घुसत नाही. म्हणजे कॉलममधली सगळी नाती, एकही कमी नाही एकही जास्त नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच.

बरं, नाती टिकतात. पण त्यावरून रिड्यूस्ड फॉर्म एकच आहे हे कसं सिद्ध होतं?

आता R समोर ठेवा आणि डावीकडून एकेक कॉलम वाचत जा, प्रत्येक ठिकाणी विचारा, हा कॉलम आधीच्या कॉलममधून बनवता येतो का?

पहिला कॉलम (1, 0, 0), त्याच्या आधी काहीच नाही आणि तो शून्य नाही, म्हणून तो नवीन. दुसरा (2, 0, 0), बनतो, दोनदा पहिला. तिसरा (0, 1, 0), हा बनत नाही, कारण आधीच्या सगळ्या कॉलममधे दुसऱ्या जागी शून्य आहे आणि इथे 1 पाहिजे. चौथा (1, 2, 0) बनतो.

कुठल्याही रिड्यूस्ड फॉर्ममधे असंच घडतं. पिव्हॉटचा कॉलम कधीच आधीच्यांमधून बनत नाही, कारण पिव्हॉटच्या डावीकडे त्या रोमधे फक्त शून्य असतात. आणि पिव्हॉट नसलेला कॉलम नेहमी बनतो, कारण त्याचे बिनशून्य आकडे फक्त त्याच रोमधे असू शकतात ज्यांचे पिव्हॉट त्याच्या डावीकडे येऊन गेलेत.

म्हणजे कुठल्या कॉलमला पिव्हॉट मिळणार हे तुम्ही ठरवत नाही, मैत्रीणही ठरवत नाही, ते A ने आधीच ठरवलंय. A मधे जो कॉलम आधीच्यांमधून बनत नाही त्यालाच पिव्हॉट, कारण नाती A आणि R मधे सारखी आहेत. आपल्या A मधे तो पहिला आणि तिसरा.

पिव्हॉटच्या जागा ठरल्या की पिव्हॉटचे कॉलम पूर्ण ठरले. पहिल्या पिव्हॉटचा कॉलम (1, 0, 0), दुसऱ्याचा (0, 1, 0), आणि असंच पुढे. तिथे निवडीला जागाच नाही, अटींनी सगळं बांधून टाकलंय.

राहिले बाकीचे कॉलम. चौथा कॉलम (1, 2, 0) आहे, याचा अर्थच "एकदा पहिला पिव्हॉट कॉलम, दोनदा दुसरा". म्हणजे त्यात जे आकडे आहेत ते गुणकच आहेत, सरळ लिहून ठेवलेले. हेच गुणक A मधेही लागू पडतात. आणि A मधे हे गुणक एकाच प्रकारे निघू शकतात, कारण पिव्हॉटवाले कॉलम एकमेकांतून बनत नाहीत. जर दोन वेगळ्या गुणकांनी तोच कॉलम बनला असता तर वजाबाकी करून पिव्हॉटच्या कॉलममधलंच एखादं नातं मिळालं असतं, जे नाहीये.

झालं, R चा एकेक आकडा A वरून ठरला. कोणती ऑपरेशनं केली, कोणत्या क्रमाने केली, याचा उल्लेख पुराव्यात कुठेच आला नाही, म्हणूनच वाट कोणतीही चालते.

मग हाच युक्तिवाद साध्या एशेलॉन फॉर्मला का लागू होत नाही? नाती तर तिथेही टिकतात.

छान प्रश्न. अर्धा युक्तिवाद लागू होतो आणि तो अर्धा उपयोगाचा पण आहे. पिव्हॉट कुठे येणार हा भाग साध्या फॉर्मलाही लागू आहे, म्हणून दोघींचे पिव्हॉट पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममधेच आले. रँक मोजायला साधा फॉर्म पुरतो तो याचमुळे.

अडतं ते पुढे. साध्या फॉर्ममधे तिसरा कॉलम एकीकडे (1, 1) आहे, दुसरीकडे (3, −1). तो (0, 1) असावा अशी सक्ती नाही. पिव्हॉटचे कॉलमच मोकळे सुटले की त्यांच्यावर उभे असलेले बाकीचे कॉलमही हलतात. चौथ्या कॉलममधे गुणक 1 आणि 2 आहेतच, पण ते आत मिसळलेले आहेत, (3, 2) किंवा (8, −2) बघून थेट वाचता येत नाहीत, खालून वर बसवत जावं लागतं. बॅक सब्स्टिट्यूशन म्हणतात ते हेच. रिड्यूस्ड फॉर्म म्हणजे ते काम आधीच करून ठेवलेला फॉर्म.

पिव्हॉट 1 असावा अशी अट घातली तर साधा फॉर्म एकच होईल का?

नाही. काही पुस्तकं साध्या फॉर्मच्या व्याख्येतच पिव्हॉट 1 मागतात, त्यामुळे मुलांना वाटतं की आता तरी उत्तर जुळायला हवं. पहिल्या मुलीचा फॉर्म बघा, दोन्ही पिव्हॉट 1 आहेत. आता R2 चे सात पट R1 मधे मिळवा:

```
1  2  8  17
0  0  1   2
0  0  0   0
```

हाही एशेलॉन फॉर्म, पिव्हॉटही 1. सातच्या जागी कुठलाही आकडा चालेल, म्हणजे अगणित फॉर्म. खालची रो वरच्या रोमधे मिळवली तर पायऱ्यांचा आकार मोडत नाही, कारण खालच्या रोमधे डावीकडे शून्य असतात. ही मोकळीक बंद करायला "पिव्हॉटच्या वरही शून्य" हीच अट लागते.

एकूण किती मोकळीक आहे ते पण सांगून टाकतो, कारण हे फार क्वचित कोणी सांगतं. आपल्या A चे जितके म्हणून एशेलॉन फॉर्म आहेत, ते सगळे असे दिसतात: पहिली रो a(1 2 0 1) + b(0 0 1 2), दुसरी रो c(0 0 1 2), तिसरी शून्य. a आणि c शून्य नकोत, b काहीही. पहिल्या मुलीचे a = 1, b = 1, c = 1 होते. दुसरीचे a = 2, b = 3, c = −1. ताळा करून बघा, 2(1 2 0 1) + 3(0 0 1 2) म्हणजे 2 4 3 8, अगदी तिचीच रो. रिड्यूस्ड फॉर्म म्हणजे a = 1, b = 0, c = 1, सगळ्या गर्दीतला एकच.

दोघींचे रिड्यूस्ड फॉर्मच वेगळे आले तर?

तर मात्र निदान एकीची चूक नक्की आहे. आणि कोणाची हे शोधायला सगळी आकडेमोड परत करायची गरज नाही, मूळ मॅट्रिक्सच्या कॉलमवर ताळा करा.

एक चूक मी इतक्या वह्यांमधे बघितलीय की ती पूर्ण करून दाखवतो. मुलगा एका झटक्यात लिहितो: R1 → R1 − R2 आणि R2 → R2 − R1, आणि दोन्हीकडे जुन्याच रो वापरतो. A च्या पहिल्या दोन रो घेतल्या तर R1 होतो −1 −2 −2 −5 आणि R2 होतो 1 2 2 5. दिसतंय का, एक दुसऱ्याची उणे प्रत झाली. एक पूर्ण समीकरण गायब. ही दोन वेगळी ऑपरेशनं नाहीतच, कारण दुसरं करताना R1 बदललेला असायला हवा होता. हे उलटं फिरवता येत नाही, म्हणून इथे नाती टिकत नाहीत.

वरच्या दोनच रो धरल्या तर तो पुढे 1 2 2 5 आणि शून्य असा फॉर्म देईल. ताळा काय सांगतो? या उत्तराप्रमाणे तिसरा कॉलम पहिल्याच्या दुप्पट असायला हवा. मूळ मॅट्रिक्समधे पहिला (1, 2), दुप्पट (2, 4), पण तिसरा (1, 3) आहे. खोटं नातं, उत्तर चूक, अर्ध्या मिनिटात कळलं.

एक सावधानता मात्र ठेवा. हा ताळा खोटी नाती पकडतो, पण सुटलेली नाती पकडत नाही. समजा आकडेमोडीत चूक होऊन कोणाला जास्तीचा पिव्हॉट मिळाला, तर त्याच्या उत्तरात नातं कमी असेल आणि जी आहेत ती खरी निघू शकतात. म्हणून दुसरा अर्धा ताळा पण करायचा: ज्या कॉलमना पिव्हॉट मिळालेत ते मूळ मॅट्रिक्समधे खरंच एकमेकांतून बनत नाहीत ना हे बघायचं. आपल्या A मधे (1, 2, 3) आणि (1, 3, 4) एकमेकांचे पट नाहीत, म्हणजे ठीक. दोन्ही ताळे जमले आणि फॉर्म खरोखर रिड्यूस्ड असला तर उत्तर बरोबरच, दुसरं काही असूच शकत नाही.

2R2 − R1 असं चालतं का? आमच्याकडे म्हणतात की हे एलिमेंटरी ऑपरेशन नाही.

काटेकोर बोलायचं तर ते एक नाही, दोन ऑपरेशनं आहेत, आधी R2 ला 2 ने गुणलं मग R1 वजा केला. रिड्यूस्ड फॉर्मवर काही फरक पडत नाही. फक्त ज्या रोच्या जागी लिहिताय तिचा स्वतःचा गुणक शून्य नको, नाहीतर ती रो पुसली जाते. डिटरमिनंट काढत असाल तर मात्र त्या 2 चा हिशोब ठेवावा लागतो, पण तो वेगळा विषय.

कॉलम ऑपरेशन केली तर?

मग सगळं मोडतं. कॉलमची अदलाबदल केली की "आधीच्या कॉलममधून बनतो का" या प्रश्नातला "आधीचा" हा शब्दच बदलतो. A चे दुसरा आणि तिसरा कॉलम बदलून बघा, रिड्यूस्ड फॉर्मच्या पहिल्या रोत 1 0 2 1 येईल आणि दुसरीत 0 1 0 2. हा वेगळ्या मॅट्रिक्सचा फॉर्म आहे, A चा नाही. समीकरणांच्या भाषेत तुम्ही चलांची नावं बदललीत.

पुरावा जरा लांब वाटला. परीक्षेत लिहायला छोटा आहे का?

आहे. थॉमस युस्टर यांनी १९८४ साली मॅथेमॅटिक्स मॅगझिनमधे एक छोटा पुरावा दिला होता, कॉलमच्या संख्येवर इंडक्शनने. त्याचा गाभा माझ्या शब्दात असा.

समजा A चे दोन रिड्यूस्ड फॉर्म आहेत, B आणि C. शेवटचा कॉलम हाताने झाका. उरलेला भाग तोही रिड्यूस्डच असतो, आणि तो A च्या उरलेल्या भागाचाच फॉर्म आहे, म्हणून इंडक्शनने B आणि C तिथे सारखे. म्हणजे फरक असलाच तर फक्त शेवटच्या कॉलममधे. आता Bu = 0 असा कुठलाही u घ्या. मग Cu पण 0, म्हणून (B − C)u = 0. पण B − C मधे शेवटचा कॉलम सोडून सगळे शून्य आहेत, आणि त्या शेवटच्या कॉलममधे कुठेतरी बिनशून्य आकडा आहे, म्हणून u चा शेवटचा घटक 0 असलाच पाहिजे. प्रत्येक उत्तरात शेवटचा चल 0, म्हणजे शेवटचा चल फ्री नाही, म्हणजे B मधे शेवटच्या कॉलममधे पिव्हॉट आहे. C मधेही तसंच. तो 1 कुठल्या रोत येणार? झाकलेल्या भागात जी पहिली शून्य रो आहे तिथेच, आणि तो भाग दोघांचा सारखा आहे. म्हणजे शेवटचा कॉलमही सारखा, आणि फरक आहे असं तर आपण धरलं होतं. विसंगती.

एकच कॉलम असेल तेव्हाची सुरुवात लिहायला विसरू नका: कॉलम सगळा शून्य असेल तर फॉर्म शून्य, नाहीतर वर 1 आणि खाली शून्य.

मला वैयक्तिकरीत्या वरचा कॉलम वाचत जाण्याचा पुरावा जास्त आवडतो, लांब आहे पण त्यात R मधला प्रत्येक आकडा म्हणजे काय हे कळतं. परीक्षेत मात्र हा लिहा.

कॉम्प्युटरवर केलं तर तेच येतं ना?

अचूक अपूर्णांकांवर काम करणारं सॉफ्टवेअर असेल तर हो. पायथनमधे सिंपाय वापरून:

```python
from sympy import Matrix
A = Matrix([[1, 2, 1, 3],
            [2, 4, 3, 8],
            [3, 6, 4, 11]])
print(A.rref())
```

हे R देतं आणि सोबत (0, 2) देतं, ते पिव्हॉटच्या कॉलमचे नंबर आहेत, मोजणी शून्यापासून असल्याने पहिला आणि तिसरा.

दशांश आकडे आले की गोष्ट वेगळी होते. समजा मॅट्रिक्सच्या रो 0.1 0.2 आणि 0.3 0.6 अशा आहेत. दुसरी रो पहिलीच्या तिप्पट, म्हणजे रिड्यूस्ड फॉर्ममधे वर 1 2 आणि खाली शून्य यायला हवं. पण पायथनला `0.6 - 3*0.2` विचारा, उत्तर 0 येत नाही, `-1.1102230246251565e-16` येतं, कारण 0.2 आणि 0.6 बायनरीत नेमके बसत नाहीत. प्रोग्रामने हा कचरा खरा आकडा समजून त्याने भागलं की पिव्हॉट तयार, आणि उत्तर आयडेंटिटी मॅट्रिक्स. पूर्णपणे वेगळा फॉर्म.

यात फॉर्म एकच असण्याच्या सिद्धांताची काही चूक नाही. त्या मॅट्रिक्सचा रिड्यूस्ड फॉर्म एकच आहे, पण शेजारच्या, केसभर वेगळ्या मॅट्रिक्सचा फॉर्म खूप दूरचा असू शकतो. एकच असणं आणि स्थिर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून असे प्रोग्राम एक मर्यादा ठरवतात, त्याहून लहान आकडा शून्य धरायचा, आणि मोजमापांतून आलेल्या डेटाची रँक हवी असेल तर हा फॉर्म न वापरता सिंग्युलर व्हॅल्यूजकडे जातात.

आकडे कुठल्या संचातले आहेत याने फरक पडतो का?

पडतो, आणि हे सहसा सांगायचं राहून जातं. रो 1 2 आणि 3 1 घ्या. नेहमीच्या आकड्यांत R2 मधून 3R1 वजा केलं की 0 −5, मग −5 ने भागून पुढे आयडेंटिटी. पण मोड्युलो 5 काम करत असाल, कोडिंग थिअरीत करतात तसं, तर −5 म्हणजे 0. रो संपली, फॉर्म 1 2 आणि खाली शून्य. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच आहे, पण आपापल्या ठिकाणी. परिमेय आकड्यांचं मॅट्रिक्स वास्तव किंवा संमिश्र आकड्यांत नेलं तर मात्र फॉर्म बदलत नाही, कारण आकडेमोड तीच राहते.

फक्त पूर्णांकांत राहायचं, भागाकार करायचाच नाही, असं ठरवलं तर रिड्यूस्ड फॉर्म मिळेलच असं नाही, 2 ला 1 करणार कसं? तिथे हर्मिट फॉर्म वापरतात: पिव्हॉट धन, आणि त्याच्या वरचे आकडे शून्य नाही पण 0 पासून पिव्हॉटपेक्षा कमी. तोही एकच असतो.

हे गॉस-जॉर्डन मधले जॉर्डन म्हणजे जॉर्डन कॅनॉनिकल फॉर्मवालेच का?

नाही, आणि हा घोळ खूप जणांचा होतो. ते कामिय जॉर्डन, फ्रेंच गणिती. गॉस-जॉर्डनवाले विल्हेल्म जॉर्डन, जर्मन, जमीन मोजणीच्या शास्त्रातले. पिव्हॉटच्या वरचे आकडेही उडवण्याची रीत त्यांच्या मोजणीच्या हँडबुकमधे १८८८ साली आली. त्याच वर्षी क्लासेन नावाच्या एका गृहस्थांनीही ती स्वतंत्रपणे छापली होती, पण नाव राहिलं जॉर्डनचं.

दोन वेगळ्या मॅट्रिक्सचा रिड्यूस्ड फॉर्म सारखा असू शकतो का?

हो, हमखास. एका मॅट्रिक्सचा फॉर्म एकच, पण एका फॉर्मची मॅट्रिक्स भरपूर. आपल्या दोघी मैत्रिणींचे एशेलॉन फॉर्म हीसुद्धा मॅट्रिक्सच आहेत, आणि त्या दोन्हींचा रिड्यूस्ड फॉर्म R च. सारख्या आकाराच्या दोन मॅट्रिक्स रो ऑपरेशनने एकमेकांत नेता येतात का हे तपासायचं असेल तर दोघांचे रिड्यूस्ड फॉर्म काढा, जुळले तर हो, नाही जुळले तर कितीही प्रयत्न केले तरी नाही. फॉर्म एकच असल्याचा सगळ्यात थेट उपयोग हाच. साध्या एशेलॉन फॉर्मने ही तपासणी होत नाही, ते तर एकाच मॅट्रिक्सचेही जुळत नाहीत.

याच्या उलट्या बाजूला एक चूक होते ती लक्षात घ्या. कॉलम स्पेसचा बेसिस विचारला की मुलं R चे पिव्हॉट कॉलम उचलून लिहितात, (1, 0, 0) आणि (0, 1, 0). त्यांच्या कुठल्याही मिश्रणात तिसरा घटक 0 च येणार, आणि A चा पहिला कॉलम आहे (1, 2, 3). तो त्यात बसतच नाही. कॉलममधली नाती टिकतात, कॉलम स्वतः टिकत नाहीत. R वरून फक्त जागा बघायच्या, पहिला आणि तिसरा, आणि कॉलम मूळ A मधून घ्यायचे: (1, 2, 3) आणि (1, 3, 4). रो स्पेसचं उलट आहे, तिथे R च्या बिनशून्य रो सरळ लिहिल्या तरी चालतात, कारण रो ऑपरेशनने रो स्पेस हलत नाही.